चार्ज दिला, रुग्ण राहिले

(गडब येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलं आहे.)

मंडळी, मंचामागच्या फलकावर ज्यांचं नाव आहे त्या डॉक्टरांनी आयुष्यात कधी राजीनामा दिला नाही. स्वतःच्या दवाखान्याचा राजीनामा देणार कुणाला? ते गेले, शटर खाली आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन-चार माणसं जुने केसपेपर हातात धरून त्या शटरसमोर उभी होती. मला हे कार्यवाहांनी फोनवर सांगितलं आणि विचारलं, विषय काय देऊ? मी म्हटलं, त्या तीन-चार माणसांवरच बोलतो. डॉक्टर सोडून जातो तेव्हा त्याच्या रुग्णांचं काय होतं, यावर. माणूस वारला तर इलाज नाही. पण आमच्यातले बहुतेक जण जिवंतपणी, महिनाभर आधी लेखी कळवून, निरोपाचा नारळ घेऊन जातात. तरीही शटरसमोर माणसं उभी राहतात.

सरकारी दवाखान्यात चार्ज कसा देतात ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. डेडस्टॉक रजिस्टर काढतात. लोखंडी कपाट दोन, लाकडी खुर्च्या अकरा, त्यातल्या तीन मोडक्या. औषधसाठा मोजतात, मुदत संपलेलं बाजूला काढतात. लसींच्या फ्रीजचं तापमान लिहितात. किल्ल्यांचा जुडगा, शिक्के, गाडीचं लॉगबुक. जाणारा सही करतो, येणारा सही करतो, मग कार्यमुक्तीचा आदेश निघतो. खासगी रुग्णालयात खुर्च्या मोजत नाहीत, पण ओळखपत्र, लॉकरची किल्ली, संगणकाचा पासवर्ड आणि हिशेब विभागाचं ना-देय पत्र मागतात. मी अशा तीन याद्यांवर सह्या केल्या आहेत. एकाही यादीत रुग्ण नावाचा रकाना नव्हता. मोडकी खुर्ची कुणाच्या ताब्यात आहे हे कागदावर असतं, अर्धवट उपचारातला माणूस कुणाच्या ताब्यात आहे हे नसतं.

पहिल्या वेळी मला हे खटकलंही नव्हतं. त्याचं काय झालं ते सांगतो.

मी तेव्हा पस्तिशीत होतो. जिल्ह्यातल्या एका मध्यम रुग्णालयात फिजिशियन म्हणून सहा वर्षं काढली होती. त्याचं नाव घेण्याची गरज नाही, चूक माझीच मोठी होती. एका महिन्याची नोटीस दिली आणि ३१ मार्चला बाहेर पडलो. भरती असलेल्या सात-आठ जणांची माहिती शेवटच्या संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरला सांगितली. मला वाटलं, झालं काम.

माझ्या ओपीडीत खाडीपट्टीतल्या एक मावशी यायच्या. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्यातून हृदयाची झडप खराब झालेली, मुंबईला ऑपरेशन होऊन धातूची कृत्रिम झडप बसवलेली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी हट्टी असते. कमी पडली तर झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन लकवा होतो, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून दर महिन्याला आय.एन.आर. नावाची तपासणी करतात. तुमचा-माझा आकडा एकच्या आसपास असतो. मावशींचा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा होता. त्या रक्त द्यायच्या, संध्याकाळी रुग्णालयाच्या फोनवर मला विचारायच्या, आणि मी सांगायचो, हीच गोळी चालू ठेवा, किंवा मंगळवार-शनिवार अर्धी जास्त घ्या.

आता बारीक गोष्ट ऐका. दर पावसाळ्यात मावशींचा आकडा खाली यायचा. दोन वर्षं मला कारण कळेना. मग एकदा त्यांच्या सुनेनं सांगितलं, पाऊस पडला की घरात रोज टाकळा, माठ, जी उगवेल ती पालेभाजी. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर, आणि ही गोळी नेमकी त्याच्याच विरुद्ध काम करते. भाजी सोडा म्हणून सांगणं मला पटेना, फुकट मिळणारी चांगली भाजी ती. म्हणून जूनपासून आठवड्यातले दोन दिवस अर्धी गोळी वाढवायची आणि गणपतीनंतर पूर्ववत करायची, असा आमचा रिवाज पडला. केसपेपरवर मात्र मी दर वेळी काय लिहीत होतो? इंग्रजीत तीन शब्द, ज्यांचा अर्थ इतकाच की तेच औषध चालू, महिन्यानं दाखवा. टाकळा कुठेही नाही, अर्धी गोळी नाही, फोन तर नाहीच नाही. सगळं माझ्या डोक्यात, आणि डोकं मी बरोबर घेऊन गेलो.

एप्रिलमध्ये मावशी आल्या. काउंटरवर सांगितलं, साहेब सोडून गेले, नवीन आले की कळवू. मे महिन्यात नवीन कुणी आलं नाही. त्यांनी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या घेतल्या. तपासणी कुणी सांगितली नाही म्हणून झाली नाही. जूनमध्ये पाऊस लागला. त्यांना आठवलं, पावसात डॉक्टर अर्धी वाढवतात. दोन दिवसांचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, रोज अर्धी वाढवली. जुलैत जुलाब लागले. गावातल्या दवाखान्यात त्यांना मेट्रोनिडॅझोल मिळालं. जुलाबावरचं साधं, रोजच्या वापरातलं औषध. पण ते रक्त पातळ करणाऱ्या गोळीला शरीरातून लवकर जाऊ देत नाही, म्हणजे तीच गोळी दुप्पट घेतल्यासारखी लागू पडते. त्या डॉक्टरला कुणी सांगितलं नव्हतं की यांना कृत्रिम झडप आहे. पोट बिघडलेलं असल्यानं पालेभाजीही बंद झालेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त, मग काळी शौचास. पनवेलला नेलं तेव्हा आय.एन.आर. नऊच्या वर होता.

त्या वाचल्या. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, प्लाझ्मा, सहा दिवस भरती. मला हे दोन महिन्यांनी कळलं, मी भेटायला गेलो. रागावतील म्हणून तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "तुमी गेलाव डाक्टर, मंग माना सांगनार कोन?" एवढंच. आणि चहा टाकला.

या घटनेत दुष्ट कुणी नाही. प्रत्येकानं आपापल्या जागी बरोबर वाटेल तेच केलं. चुकलं ते मधल्या जागेत, आणि ती जागा माझ्या नोटिशीच्या महिन्यात भरायची होती. तो महिना मी निरोप-समारंभात आणि नव्या घराचं डिपॉझिट जमवण्यात घालवला.

नोटीस म्हणजे काय, यावर थोडं. वकील मंडळी बसली आहेत, त्यांनी सांभाळून घ्यावं.

नोटीस ही मालक आणि नोकर यांच्यातली गोष्ट आहे अशीच कायद्याची जुनी नजर आहे. आमच्या पेशातला एक निकाल तर मुंबई उच्च न्यायालयाचा, १८९८ सालचा. चार्ल्सवर्थ विरुद्ध मॅकडोनाल्ड. मॅकडोनाल्ड हे झांझिबारला व्यवसाय करणारे डॉक्टर. त्यांनी चार्ल्सवर्थला तीन वर्षांसाठी सहायक नेमलं. वर्षभरात चार्ल्सवर्थ बाहेर पडला आणि त्याच गावात त्यानं स्वतःचा दवाखाना थाटला. झांझिबारचं प्रकरण तेव्हा मुंबईच्या न्यायालयात यायचं. न्यायालयानं ठरवलं की तीन वर्षं याच मालकाकडे काम करीन असा शब्द दिला आहे, तेवढी मुदत संपेपर्यंत तुला स्वतंत्र व्यवसाय करता येणार नाही. हा निकाल करारांच्या कायद्याच्या कलम २७ वर आजही सांगितला जातो. नोकरी चालू असतानाचं बंधन चालतं, पण नोकरी संपल्यावर 'पाच वर्षं या तालुक्यात दवाखाना घालू नकोस' असं बंधन आपल्याकडे टिकत नाही. रुग्णालयं तरीही नियुक्तिपत्रात ते कलम छापतात आणि तरुण डॉक्टर त्याला घाबरून रुग्णांशी बोलायचंच टाळतात, की आपण कुठे चाललो हे सांगितलं तर रुग्ण पळवले असं होईल. मला राहून राहून वाटतं, झांझिबारमधल्या त्या दोन दवाखान्यांच्या मध्ये कुणीतरी तापानं फणफणलेला माणूस उभा असेलच. वाद मात्र दोन डॉक्टरांचा.

सरकारी नोकरीत राजीनामा देऊन उपयोग नसतो, तो मंजूर व्हावा लागतो आणि कार्यमुक्त करावं लागतं. मंजूर होऊन अमलात येईपर्यंत तो परतही घेता येतो. महाराष्ट्राच्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनामा दिला की मागची सेवा बुडते, म्हणून वीस वर्षं झालेले राजीनामा देत नाहीत, तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागतात. आणि इथे रुग्ण पहिल्यांदा कायद्याच्या चित्रात येतो. उत्तर प्रदेशातल्या सरकारी डॉक्टरांनी स्वेच्छानिवृत्तीच्या नोटिसा दिल्या, सरकारनं नाकारल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ साली, डॉ. अचल सिंह यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निकालात, न्यायालयानं म्हटलं की नोटीस दिली म्हणून आपोआप निवृत्ती मिळत नाही. डॉक्टरांची टंचाई असताना लोकांच्या आरोग्याचा विचार करून सरकार नकार देऊ शकतं.

माझं मत विचाराल तर, हा निकाल मला अर्धाच पटतो. डॉक्टरला अडवून ठेवल्यानं खुर्ची भरलेली दिसते. मन उडालेला डॉक्टर खुर्चीत असतो, तो मावशींच्या पालेभाजीची चौकशी करत नाही. शिवाय एक न एक दिवस तो जाणारच, तेव्हा प्रश्न पुन्हा तोच, की जाताना त्यानं काय कुणाच्या हातात दिलं.

त्याबद्दल आमच्या नीतिनियमांत एक वाक्य आहे, फारसं कुणी वाचत नाही. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे व्यावसायिक वर्तनाचे नियम. त्यात म्हटलं आहे की डॉक्टरनं कुणाला तपासायचं हे ठरवायला तो मोकळा आहे, पण एकदा रुग्ण हाती घेतल्यावर, रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय त्यानं उपचार सोडू नयेत. म्हणजे दोन नोटिसा आहेत. एक व्यवस्थापनाला, ती आपण सगळे देतो. दुसरी रुग्णाला, ती देण्याचा नमुना-अर्जही कुठल्या कार्यालयात मिळत नाही. त्याच नियमांत आणखी असं की भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि रुग्णानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे. फाइल रुग्णालयाकडे राहते, डॉक्टरनं ती घरी न्यायची नाही, मोबाइलवर फोटो काढून तर नाहीच. पण रुग्णाला तिची प्रत मागता येते, आणि डॉक्टर चालला आहे हे कळल्या दिवशी ती मागावी.

दुसऱ्यांदा नोकरी सोडली तेव्हा मी काय केलं ते सांगतो, म्हणजे हे नुसतं नियमांचं बोलणं राहणार नाही. या वेळी माझ्याकडे दोन महिने होते.

पहिला आठवडा यादीत गेला. सगळ्या रुग्णांची यादी करायची नसते, ती हजारांत जाते. शोधायचे ते उघडे राहिलेले. मी ओपीडीचं रजिस्टर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर आणि लॅबला पाठवलेल्या नमुन्यांची वही घेऊन तीन दुपारी बसलो. ज्याचं औषध आकड्यावर हलतं, तो उघडा: रक्त पातळ करणारी गोळी, इन्शुलिन, फिटचं औषध, गरोदरपणातली थायरॉइडची गोळी. ज्याचा रिपोर्ट यायचा आहे तो उघडा. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला की उत्तर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. डॉक्टर मधेच गेला तर कर्करोग आहे असं सांगणारा कागद त्याच्या नावाच्या ट्रेमध्ये येऊन पडतो, आणि तो ट्रे आता कुणाचाच नसतो. आणि ज्याच्या अंगात आपण काहीतरी ठेवलं आहे जे बाहेर काढायचं आहे, तो सगळ्यांत धोक्याचा, कारण त्याला काही होत नसतं.

यातलं सगळ्यांत सरड्यासारखं लपणारं म्हणजे मूत्रमार्गातला डीजे स्टेंट. मूतखड्याच्या ऑपरेशननंतर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवतात. काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत ती काढायची असते. बाहेरून दिसत नाही, टाका नाही, दोरा नाही. थोडी जळजळ होते ती माणूस उन्हावर ढकलतो. राहिली तर तिच्यावरच क्षार जमतात, वर्षभरानं तिचाच दगड होतो, आणि कधी कधी मूत्रपिंड गमावावं लागतं. ज्या सर्जननं ती ठेवली त्याला तारीख आठवत असते. तो गेला की ती तारीख कुणालाच आठवत नाही.

माझ्या यादीत एकेचाळीस नावं निघाली. सहा वर्षांच्या कामात एकेचाळीस. हा बोजा दोन महिन्यांत सहज उरकण्याजोगा आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मग प्रश्न आला, द्यायचं कुणाला? इथे पुस्तकातलं आणि आपल्याकडचं वेगळं होतं. पुस्तकात नवा डॉक्टर येऊन उभा असतो. आपल्याकडे पद रिकामं राहतं, शेजारच्या केंद्राच्या डॉक्टरकडे 'अतिरिक्त कार्यभार' दिला जातो आणि तो आठवड्यातून दोनदा धावत येतो. त्याला एकेचाळीस माणसांचा पोथा हातात दिला तर तो वाचणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. मी एका माणसाला एक ओळ दिली. नाव, गाव, फोन. काय उघडं आहे. पुढची तारीख कोणती. आणि शेवटी 'असं झालं तर असं करा'. मावशींच्या जातीच्या एका रुग्णाची ओळ अशी होती: कृत्रिम झडप, आय.एन.आर. अडीच ते साडेतीन, दर महिन्याच्या पाच तारखेला तपासणी. पावसाळ्यात पालेभाजीमुळे आकडा घसरतो, तपासल्याशिवाय गोळी वाढवू नये. अँटिबायोटिक किंवा जुलाबाचं औषध दिलं तर तीन ते पाच दिवसांत पुन्हा तपासावं.

हे शेवटचं कलम सगळ्यांत मोलाचं. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध रुजवलं, ते जगभर गेलं. आता समजा रात्री आठला ड्यूटी बदलते आणि विंचू चावलेला मुलगा खाटेवर आहे. जाणारा म्हणाला, 'विंचू आहे, प्राझोसिन दिलंय, ठीक आहे', तर त्यानं काहीच दिलं नाही. औषध किती वाजता दिलं, दर तीन तासांनी द्यायचं म्हणून पुढची वेळ अकरा, आणि हातपाय गरम होऊन घाम थांबेपर्यंत द्यायचं. या औषधानं रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो म्हणून मुलाला आईनं कडेवर उचलून उभं करायचं नाही, आडवंच ठेवायचं. खोकला किंवा धाप लागली तर फुप्फुसांत पाणी भरतंय असं समजायचं. हे सांगायला दीड मिनिट लागतं. आणि मग घेणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. आपल्याला हे शाळकरी वाटतं, लाज वाटते. पण अमेरिका-कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालविभागांत नेमका हाच शिरस्ता बसवून पाहिला, त्याचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार किती गंभीर, थोडक्यात हकिगत, करायची कामं, काय बिघडू शकतं, आणि घेणाऱ्याची उजळणी. उपचारातल्या चुका तेवीस टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोग्या इजा तीस टक्क्यांनी. त्यात ना नवं यंत्र होतं, ना नवं औषध.

ज्या कामाला डॉक्टर मिळत नव्हता ते मी डॉक्टरकडे दिलंच नाही. ओपीडीच्या सिस्टरांकडे दिलं. सिस्टर बदलत नाहीत असं नाही, पण डॉक्टरांपेक्षा टिकतात. आय.एन.आर.ची एक शंभर पानी वही करून त्यांच्या टेबलावर ठेवली, पाच तारखेला जो आला नाही त्याला फोन. रिपोर्टांसाठी लॅबशी बोलून ठरवलं की माझ्या नावानं येणारा कागद ट्रेमध्ये न टाकता सिस्टरांच्या हाती द्यायचा. आणि सगळ्यांत जास्त विश्वास मी रुग्णावरच टाकला. प्रत्येकाला मराठीत, मोठ्या अक्षरात, अर्ध्या पानाचा कागद: तुम्हाला काय आहे, कुठली गोळी, पुढची तारीख, कुणाला भेटायचं, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलात तर आधी हा कागद दाखवा. गरोदर बाईच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड असतं, त्यामुळे ती माहेरी गेली तरी तिथल्या नर्सला सगळं कळतं. तीच युक्ती, बाकी काही नाही.

व्यवस्थापनानं या कागदावर आक्षेप घेतला. त्यावर माझा नवा पत्ता असेल अशी त्यांना शंका होती. मी दाखवला, नव्हता. तारीख होती आणि पुढच्या डॉक्टरांचं नाव होतं. मग त्यांनी झेरॉक्सचे पैसेही दिले. रुग्णालयं घाबरतात ती गिऱ्हाईक जाण्याला. ही भीती काढून टाकली तर ती आडवी येत नाहीत, असा माझा अनुभव. काही ठिकाणी मात्र राजीनामा दिला त्याच संध्याकाळी पासवर्ड बंद करतात आणि काउंटरवर 'साहेब रजेवर आहेत' असं सांगायला लावतात. त्या खोट्यामुळे रुग्ण महिनाभर वाट पाहत बसतो. साहेब गेले, हे ऐकलं असतं तर तो त्याच दिवशी दुसरीकडे गेला असता.

आणखी एक गोष्ट मी एका जुन्या सर्जनकडून शिकलो. शेवटचे दहा दिवस ते तातडीचं नसलेलं कुठलंही ऑपरेशन घेत नसत. हर्नियाचे टाके आठव्या-दहाव्या दिवशी काढायचे, पू झाला तर तोही साधारण त्याच आठवड्यात कळतो. ज्यानं कापलं त्यानंच टाका काढावा, असं ते म्हणत. महिन्याभराच्या नोटिशीतले खरे कामाचे दिवस म्हणूनच वीस. व्यवस्थापन उलट शेवटच्या आठवड्यात राहिलेली ऑपरेशनं उरकून घ्यायला सांगतं, कारण नंतर सर्जन नाही. तिथे नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणणं सोपं नसतं, कारण अनुभवाचा दाखला अजून त्यांच्या टेबलावर असतो.

एकेचाळिसांपैकी चाळीस नावांपुढे माझ्या शेवटच्या दिवशी घेणाऱ्याची सही होती. एक राहिलं होतं. वडखळकडचा ट्रकचालक, डावीकडचा डीजे स्टेंट, काढायची तारीख उलटून पाच आठवडे झालेले. फोन बंद. पत्त्यावर चिठ्ठी पाठवली तर घरचे म्हणाले, गोव्याच्या फेऱ्या मारतोय, कधी येईल सांगता येत नाही. मी सिस्टरांना त्याची ओळ दाखवली. त्या म्हणाल्या, त्याच्या भाच्याची बायको आशा कार्यकर्ती आहे, माझ्या मीटिंगला येते, तिला सांगते. मी म्हटलं, सही करा. त्या म्हणाल्या, सापडला की करीन.

मी चार्ज दिला, नारळ घेतला, निघालो. नवव्या दिवशी सिस्टरांचा फोन आला. गडी रात्री दोनला घरी आला होता, सकाळी सातला भाचेसुनेनं त्याला उठवून अलिबागला नेलं, दुर्बिणीतून नळी काढली. टोकाला खरखरीत थर धरायला लागला होता, पण निघाली सबंध. मी विचारलं, सही केलीत का? त्या म्हणाल्या, आत्ताच केली, तारीख आजचीच घातली आहे.